पालुपद कधी घोषणा होतं?

प्रश्न : आमच्या गटात एक आंदोलनाचं गाणं बसवतोय. त्यातल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीला ‘पालुपद’ म्हणायचं की ‘घोषणा’? आणि यमक जुळलं, ओळ वारंवार आली, की ती लोकांच्या तोंडी घोषणा म्हणून उतरतेच का?

गाण्यात आहे तोवर ती ओळ पालुपद. गाणं गळून पडलं आणि ती एकटीच रस्त्यावर चालू लागली, की घोषणा. यमक आणि पुनरावृत्ती तिला पालुपद बनवायला पुरतात, घोषणा बनवायला पुरत नाहीत.

पालुपदाला आपल्याकडे ध्रुवपदही म्हणतात, म्हणजे जागचं न हलणारं पद. गाथेत अभंगाच्या दुसऱ्या चरणापुढे ‘॥ध्रु.॥’ छापलेलं असतं ते हेच. बाकीचे चरण येतात-जातात आणि दर वेळी गाणारा परत याच ओळीवर येतो. (रोजच्या बोलण्यात मात्र ‘त्याचं आपलं एकच पालुपद’ हे वैतागूनच म्हटलं जातं. मोर्चात तोच हट्ट हवा असतो.) आता ही ओळ कोण उचलतं ते पाहा. कीर्तनात टाळकरी उचलतात, पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे असलेले झीलकरी ‘जी जी रं जी’ ओढतात. समोरचे लोक ऐकत असतात. आंदोलनाच्या गाण्यात झीलकऱ्यांचं काम समोरच्यांकडे जातं, आणि त्यांनी तालीम केलेली नसते. ओळ घोषणा होईल की नाही, ते इथे ठरतं.

याचं मला सगळ्यात स्वच्छ वाटणारं उदाहरण चिलीचं आहे. ‘एल पुएब्लो उनीदो, हामास सेरा वेन्सीदो’, म्हणजे एकजूट झालेली जनता कधीच हरणार नाही. ही घोषणा तिथल्या रस्त्यांवर होतीच. ती ऐकूनच गाणं सुचलं, असं संगीतकार सर्हियो ऑर्तेगा यांनी नंतर सांगितलं. साल १९७३, गाणारा गट किलापायून. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला चिलीत लष्करी उठाव झाला. किलापायून तेव्हा फ्रान्समध्ये दौऱ्यावर होते, ते तिकडेच राहिले, आणि गाणं त्यांच्याबरोबर जगभर फिरलं.

या गाण्यात कडवी गायलेली आहेत, पण पालुपद गायलेलंच नाही, ते ओरडलेलं आहे. गाणं सुरूच घोषणेने होतं, मग चालीवरची कडवी येतात. पालुपदाआधीचे गायलेले शब्द सांगतात की जनता लढायला उठली आहे आणि राक्षसी आवाजात ‘पुढे चला’ ओरडते आहे. त्या ‘पुढे चला’ला लागूनच सूर सुटतात आणि घोषणा सुरू होते. कडवं स्वतःच गर्दीच्या हातात माईक देतं म्हणा ना. ज्याला गाता येत नाही, ज्याला कडव्यातला एक शब्दही आठवत नाही, त्यालाही इथून पुढे यायला आडकाठी नाही.

आता ती ओळ मोजून बघू. स्पॅनिश उच्चारात ‘पुएब्लो’चा ‘ब्लो’ आणि पुढचा ‘उ’ एकात मिसळतात. म्हणजे पहिल्या तुकड्यात पाच अक्षरं होतात, त्यात ‘पुए’ आणि ‘नी’वर आघात. दुसऱ्यात सात अक्षरं, आघात ‘मास’, ‘रा’ आणि ‘सी’वर. हलकं, जड, हलकं, जड असं चालत ओळ दोन्ही वेळा हलक्या ‘दो’वर उतरते. पाय टाकायचे ते जड अक्षरावर, आणि ‘दो’नंतर श्वासाला किंवा टाळीला जागा. उनीदो-वेन्सीदो हे यमक आहेच, पण त्याचं खरं काम गोडव्याचं नाही. तुकडा कुठे संपला हे ते मागच्या माणसाला कळवतं.

मागच्या माणसाची अडचण खरीखुरी असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मोर्चा ३०० मीटर लांब असेल तर पुढचा शब्द शेपटीला जवळजवळ एका सेकंदाने पोचतो. सेकंदाला दोन ठोके धरले तर शेपूट जवळपास दोन ठोके मागे. लांब चालीचं गाणं असं ताणलं की त्याचा नुसता गलका होतो. आखूड ओळ आणि तिच्यामागची मोकळी जागा असली, तर मागचे लोक त्या मोकळ्या जागेत पुन्हा ठोका पकडतात. बिघडतं कुठे, तर गर्दी चढत्या लयीत जाते आणि ती मोकळी जागाच खाऊन टाकते. ओळखायची खूण सोपी आहे : शेवटचं अक्षर सगळ्यांचं एकाच वेळी पडायचं थांबतं. तेव्हा आणखी जोरात ओरडून उपयोग नसतो. पुढच्याने थांबावं आणि नव्याने, सावकाश उचलावं.

हीच ओळ इंग्रजीत गेली : ‘द पीपल युनायटेड विल नेव्हर बी डिफीटेड’. दुसऱ्या तुकड्यात पुन्हा सात अक्षरं आणि तीन आघात, तेही त्याच जागी, आणि शेवटी दोन्हीकडे ‘टेड’. म्हणून ती तिकडे टिकली. मराठी अर्थ मी वर दिलाय, तो मोर्चात म्हणून बघा. अर्थ शंभर टक्के बरोबर, आणि पाऊल एकही पडत नाही.

आता यमकाबद्दल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली अण्णा भाऊ साठे यांची छक्कड घ्या : ‘माझी मैना गावावर राहिली, माझ्या जिवाची होतिया काहिली’. यमक पक्कं, पालुपद लोकांना तोंडपाठ. सीमाभाग मागे राहिल्याची व्यथा त्या मैनेच्या रूपात सभेतल्या माणसापर्यंत थेट पोचते. तरी ही ओळ घोषणा झाली नाही, कारण ती एकट्या माणसाचं दुःख सांगते. ‘माझी’ आणि ‘माझ्या जिवाची’ म्हणत हजार माणसं मूठ वर करत नाहीत, ती ऐकतात. मूठ वर झाली ती ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ला.

त्या घोषणेची घडण पाहा. पुढारी ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हणतो, लोक ‘झालाच पाहिजे’ म्हणतात. लोकांचा अर्धा भाग ठरलेला, म्हणजे तोच ध्रुव. पुढचा अर्धा बदलता येतो : मुंबईसह, बेळगाव, कारवार, निपाणी, काय हवं ते घाला, उत्तर तेच. ‘झाला पाहिजे’ हीसुद्धा मागणीच आहे, पण ‘लाच’वर जो आवाज आपटतो त्याला तिथे जागा नाही. अर्थाचा हट्ट आणि ठोका दोन्ही त्या एका ‘च’वर येऊन पडतात.

तेव्हा तुमच्या गाण्यात ती ओळ लिहिताना ‘पालुपद’च म्हणा, घोषणा ती पुढे झाली तर होईल. तालमीत एक करा. ढोलकी आणि चाल बंद ठेवा, एकाने अर्धी ओळ टाकावी, बाकीच्यांनी चालत चालत उरलेली म्हणावी, दहा-बारा वेळा. कडव्याशिवाय ओळीला अर्थ राहत नसेल, किंवा पाय आणि शब्द एकमेकांना सोडत असतील, तर यमकाला हात लावू नका. आधी अक्षरं कमी करा आणि शेवटी श्वासापुरती जागा सोडा.