खिडकीबाहेर सगळं पांढरंफटक: फिजिकल कॅमेरा लावूनही?

प्रश्न: युनिटी एचडीआरपीमध्ये २ बीएचकेचा वॉकथ्रू करतोय. फिजिकल कॅमेरा लावलाय, एफ/२.८, १/६०, आयएसओ ४००, टोनमॅपिंग एसेस. हॉल छान दिसतो पण खिडकीबाहेर सगळं पांढरंफटक. एक्स्पोजर कमी केलं की हॉल काळाकुट्ट. खऱ्या कॅमेऱ्याच्या सेटिंग टाकूनही असं का?

उत्तर:

खऱ्या कॅमेऱ्याच्या सेटिंग टाकल्यात म्हणूनच असं होतंय. दुपारी बाराला हॉलमध्ये उभं राहून मोबाइलचा प्रो मोड लावा आणि एचडीआर बंद करून खिडकीचा फोटो काढा, हेच दिसेल. फिजिकल कॅमेरा फक्त एवढंच ठरवतो की किती निट्सला पांढरं म्हणायचं. खोली आणि बाहेरचं यांच्यातलं अंतर तो कमी करत नाही, ते काम तुमचंच.

मी बिल्डर लोकांच्या सेल्स गॅलरीसाठी असले वॉकथ्रू करतो आणि मुंबईत हा प्रॉब्लेम जवळपास प्रत्येक फ्लॅटला येतो, कारण खिडकीबाहेर एकतर मोकळं आकाश नाहीतर समोरच्या बिल्डिंगची उन्हात तापलेली पांढरी भिंत. तर तुमच्याच सेटिंग घेऊन हिशोब करून बघू.

```
EV100 = log2( N*N / t * 100 / ISO )
Lmax  = 1.2 * 2^EV100
x     = L / Lmax
```

एन म्हणजे एफ नंबर, टी म्हणजे शटर सेकंदात, एल म्हणजे पृष्ठभागाचे निट्स. तुमचा ईव्ही येतो साधारण ६.९ आणि एलमॅक्स साधारण १४० निट्स. म्हणजे १४० निट्सचा पृष्ठभाग टोनमॅपरकडे १.० म्हणून जातो. आता हॉलमध्ये खिडकीतून येऊन सगळीकडे पसरलेला उजेड ३०० लक्स धरा आणि भिंतीचा अल्बेडो ०.७. लक्स गुणिले अल्बेडो भागिले पाय, भिंत झाली ६७ निट्स, एक्स जवळपास ०.४८. म्हणून हॉल छान दिसतोय. समोरच्या भिंतीवर ऊन तिरकं पडतं म्हणून १ लाखाऐवजी ५० हजार लक्स धरू, तीच भिंत तिथे ११ हजार निट्स होते, म्हणजे एक्स ७९. आकाश ५ हजार निट्स धरलं तरी एक्स ३५ च्या पुढे.

टोनमॅपर इथे किती वाचवेल? एसेसचं जे छोटं सूत्र बरेच जण शेडरमध्ये टाकतात, नारकोविचचं, त्यावर काढलं तर एक्स १ असताना स्क्रीनवर २५५ पैकी २३२ येतात, २ ला २४५, ४ ला २५२, आणि ७ च्या आसपास पूर्ण २५५. युनिटीच्या एसेसचे आकडे थोडे वेगळे येतील पण गोष्ट तीच. सातच्या पुढचं सगळं एकच पांढरं, मग ते ३५ असो की ७९. तुमचं आकाश आणि तुमची भिंत दोन्ही त्या रेषेच्या कितीतरी पलीकडे आहेत, म्हणून कर्व्ह बदलत बसून काही हाती लागणार नाही. एजीएक्स किंवा न्यूट्रल लावलं तर रंग कसा फिका होत जातो ते बदलतं, निळं आकाश पांढरं होण्याआधी मोरपिशी होतं ते थांबू शकतं, पण १०० पटीच्या आसपासचा फरक असा कुठलाच कर्व्ह बाकी चित्र मातकट न करता बसवत नाही.

पुढे जायच्या आधी एक टेस्ट नक्की करा, नाहीतर चुकीच्या गोष्टीच्या मागे लागाल. एक्स्पोजर `Fixed` करून १५ टाका आणि टोनमॅपिंग `None`. भर उन्हात एफ/१६, १/१२५, आयएसओ १०० म्हणजे साधारण १५ च. आता बाहेरचं नीट दिसलं आणि हॉल जवळजवळ काळा झाला तर लाइटची युनिट बरोबर आहेत. बाहेरचं अजूनही पांढरं असेल तर सूर्य किंवा स्काय कुठेतरी डबल मोजला जातोय, बहुतेक वेळा एचडीआरआयमध्ये सूर्य आधीच भाजलेला असतो आणि वर डायरेक्शनल लाइटपण १ लाख लक्सवर. आणि सगळंच काळं झालं तर सूर्य जुन्या प्रोजेक्टमधून ३.१४ वगैरे आकडा घेऊन आलाय, त्याला लक्समध्ये आणा. `Rendering Debugger` मध्ये `Lighting` खाली एक्स्पोजरचा डीबग मोड आहे, त्यात `Scene EV100 Values` लावलं की कुठला भाग किती ईव्हीवर आहे ते दिसतं. आपल्या हिशोबात आतली भिंत ९ च्या आसपास आणि समोरची १६ च्या पुढे यायला हवी. म्हणजे सव्वासात-साडेसात स्टॉपचा फरक, आणि खरी लढाई या फरकाशी आहे.

आता उपाय. गोरेगावला फिल्मसिटीच्या बाजूला कधी शूटवर गेला असाल तर बघितलं असेल, दिवसाचा इनडोअर सीन असला की लाइटवाले खिडकीला एनडी जेल चिकटवतात आणि आत लाइट मारतात. बाहेरचं खाली ओढायचं, आतलं वर उचलायचं आणि कॅमेरा मधे ठेवायचा. आपणही तेच करायचं, फक्त आपल्याकडे काचेतून येणारा उजेड आणि काचेतून दिसणारं दृश्य वेगळं करता येतं, जे त्या बिचाऱ्यांना जमत नाही.

पहिलं, कॅमेरा ईव्ही ९ च्या जवळ न्या. एफ/४, १/६०, आयएसओ २०० केलं की ८.९ येतो. हे करताना अॅपर्चर हातात आलं म्हणून फिरवत सुटू नका, डेप्थ ऑफ फील्ड फिजिकल कॅमेऱ्यावर असेल तर सोफा ब्लर व्हायला लागेल. एकदा अॅपर्चर ठरवलं की पुढचं सगळं आयएसओने करा, इथे ग्रेन येत नाही.

दुसरं, बाहेरचं. माझ्याकडे खिडकीबाहेर नेहमी फोटो लावलेला प्लेन असतो, एमिसिव्ह, निट्समध्ये. सगळ्यात उजळ भिंत ११ हजारांऐवजी १४०० निट्सला आणा, म्हणजे तीन स्टॉप खाली, एनडी ०.९ लावल्यासारखं. त्या मटेरियलचं एमिशन जीआयमध्ये `None` ठेवा म्हणजे प्लेन बेकमध्ये धरलाच जाणार नाही, खोलीत उजेड येतो तो स्काय आणि सूर्याकडूनच, त्याला हात लावायचा नाही. खोलीचा उजेड खरा राहतो आणि फक्त डोळ्याला दिसणारा नजारा खाली येतो. फोटो मात्र शक्यतो ब्रॅकेट करून काढलेला एचडीआर घ्या. मोबाइलच्या जेपेगमध्ये आकाश आणि भिंत आधीच एकमेकांच्या जवळ दाबलेले असतात, त्याला निट्स देऊन काही मूळचा फरक परत येत नाही.

तिसरं, आतलं. ईव्ही ९ ला ६७ निट्सची भिंत स्क्रीनवर १०५ च्या आसपास येते, थोडी उदास. फॉल्स सीलिंगचा कोव्ह लाइट चालू करा, अडीचशे-तीनशे लक्स भर घाला, भिंत १३० निट्स होईल. बिल्डरला तसेही सगळे लाइट चालूच हवे असतात, दिवसा असले तरी.

आता परत हिशोब. ईव्ही ९ ला एलमॅक्स ६१४. आतली भिंत ०.२१, स्क्रीनवर साधारण १५०. समोरची बिल्डिंग १४०० भागिले ६१४ म्हणजे २.३, स्क्रीनवर २४७. आकाश ५ हजारचं ६२५ झालं, एक्स एकच्या जवळ, २३२. उन्हातली बिल्डिंग उन्हातलीच वाटते, तिच्या खिडक्या, ग्रिल, वाळत घातलेल्या साड्या सगळं दिसतं, आणि आकाशात ढग असतील तर ते पण. तिथे सगळं २०० च्या खाली आणायचा मोह होईल, नका आणू, मग ती खिडकी राहत नाही, भिंतीवर लावलेला टीव्ही वाटतो.

फरशीवर पडणारा उन्हाचा तुकडा मात्र यात वाचत नाही. ६० हजार लक्स, अल्बेडो ०.६, म्हणजे परत ११ हजार निट्स, एक्स १८. तो पांढरा पडू द्या. प्रत्यक्षातही पडतो, आणि फ्रेममध्ये तेवढं एकच ठिकाण जळलेलं असलं की उलट ऊन असल्याची खात्री पटते. अगदीच मोठा असेल तर पातळ पडदा लावा किंवा सूर्य वर चढवा म्हणजे तुकडा खिडकीपाशी आखडतो. सूर्याचा लक्स कमी करून तो वाचवायला गेलात तर सगळा दिवस ढगाळ दिसायला लागतो.

बाल्कनीत गेल्यावर गंमत होते. बाहेर ईव्ही १४ लागतो, तिथे १४०० निट्सचा फोटो संध्याकाळसारखा अंधारा दिसेल. म्हणून बाल्कनीला वेगळा लोकल व्हॉल्यूम, ब्लेंड डिस्टन्स मीटरभर, आणि फोटोचे निट्सही सोबत वर न्यायचे. हे स्टॉपमध्ये लर्प करा, सरळ निट्समध्ये केलंत तर दारातून पहिलंच पाऊल टाकताना बाहेरचं एकदम भडकतं आणि मग बराच वेळ काहीच होत नाही.

```csharp
// inside: 1 = हॉल, 0 = बाल्कनी
float stops = Mathf.Lerp(0f, 3f, inside);
float nits = 11000f * Mathf.Pow(2f, -stops);
mat.SetColor("_EmissiveColor", Color.white * nits);
```

`_EmissiveIntensity` बदलून काही होत नाही म्हणून लोक वैतागतात, तो आकडा फक्त इन्स्पेक्टरसाठी आहे, शेडर वाचतो तो `_EmissiveColor`.

ऑटो एक्स्पोजर हवंच असेल तर `Automatic Histogram` घ्या आणि लिमिट मिन ८.५, मॅक्स १४ अशी बांधून टाका. मोकळं सोडलं तर कॅमेरा खिडकीकडे वळला की हॉल बुडतो आणि कोपऱ्यातल्या काळ्या वॉर्डरोबकडे वळला की खिडकी परत फाटते, क्लायंट म्हणतो लाइट झपझप का करतायत.

आणि हे सगळं करून सेल्स ऑफिसमध्ये गेल्यावर खिडकी परत पांढरी दिसली तर घाबरून सीन उघडू नका, आधी टीव्ही बघा. तिथले मोठे टीव्ही बहुतेक व्हिव्हिड मोडवर असतात, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू, आणि २३५ च्या वरचं सगळं एकत्र करून टाकतात. २३२, २४७ आणि २५५ असे तीन पट्टे असलेली एक पीएनजी पेनड्राइव्हवर ठेवा, आधी ती लावा. तीन पट्टे वेगळे दिसेपर्यंत टीव्हीची सेटिंग फिरवायची, एचडीएमआयची रेंज फुल की लिमिटेड तेही बघायचं, आणि मग वॉकथ्रू चालू करायचा.