फुफ्फुस आणि यकृत, दोन्हीकडे हायडॅटिड : आधी गोळ्या की आधी ऑपरेशन?

प्रश्न : माझा मोठा भाऊ, वय ३४, वजन ५२ किलो. गुहागरजवळ राहतो, घरी शेळ्या आहेत. तीन महिने खोकला होता म्हणून एक्स-रे काढला, मग सीटी केला. उजव्या फुफ्फुसात खालच्या भागात ९ सेंमीची आणि यकृताच्या वरच्या भागात ६ सेंमीची हायडॅटिडची गाठ निघाली. यकृतातल्या गाठीत आणखी लहान गाठी आहेत म्हणे. एक डॉक्टर म्हणतात तीन महिने अल्बेंडाझोल घ्या, मग बघू. दुसरे म्हणतात गोळी अजिबात सुरू करू नका, आधी छातीचं ऑपरेशन. कोणाचं ऐकायचं?

उत्तर :

दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. पण पहिले चुकीचं सांगतायत असं मनात धरू नका. भावाला फक्त यकृतातली गाठ असती, तर गोळी आधी सुरू करायला मीही सांगितलं असतं. घोळ एवढाच आहे की गोळी पोटात गेली की ती दोन्ही गाठींपर्यंत पोचते. यकृतासाठी दिलेली गोळी फुफ्फुसाला वगळून जात नाही.

मी जनरल सर्जन, कोकणात बरीच वर्षं काढली. छातीची ऑपरेशनं स्वतः करत नाही, कोल्हापूर-मुंबईला पाठवतो. परत आलेले पेशंट मात्र माझ्याकडेच येतात, म्हणून आधी गोळी दिल्याचा निकाल पुन्हा पुन्हा बघायला मिळालाय.

आधी गाठ कशी असते ते बघू. कुत्र्याच्या आतड्यात एक बारका पट्टकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर येतात आणि हात-तोंडाची गाठ पडली की आपल्या पोटात जातात. आतड्यातून रक्तात, रक्तातून यकृतात. तिथून निसटली तर फुफ्फुसात. तिथे पाण्याने भरलेली पिशवी वाढत जाते. आतलं पातळ अस्तर जिवंत असतं, कृमीची पिल्लं तेच तयार करतं. त्याच्यावर पांढरं, थरांचं, कृमीनेच केलेलं आवरण. त्याच्याही बाहेर आपल्या शरीराने घातलेलं कुंपण. यकृतात हे कुंपण जाड, चिवट होतं, कारण यकृत घट्ट आहे. फुफ्फुस स्पंजासारखं, त्यामुळे तिथे गाठ भराभर वाढते आणि कुंपण पातळच राहतं. प्रत्येक श्वासाला ते ताणलं जातं, प्रत्येक खोकल्याला हिसका बसतो.

आता गोळी काय करते? अल्बेंडाझोल त्या जिवंत अस्तराला साखर घेऊ देत नाही. अस्तर मरतं, आतल्या पाण्याचा दाब कमी होतो, आवरण कुंपणापासून सुटू लागतं. यकृतात हे आपल्याला हवंच असतं, जाड कुंपण सांभाळून घेतं. फुफ्फुसात ९ सेंमीच्या गाठीचं आवरण सैल पडलं, तर ती श्वासनलिकेत किंवा छातीच्या पोकळीत फुटू शकते. शिवाय मेलेलं आवरण पूर्ण खोकलून बाहेर पडत नाही. ते आत कुजतं आणि पू होतो.

माझ्याकडे दापोलीकडची एक बाई आली होती, २९ वर्षांची. डाव्या फुफ्फुसात खाली ८ सेंमीची गाठ. दुसरीकडे कुठेतरी गोळ्या सुरू करून तिला घरी पाठवलं होतं. एकोणिसाव्या दिवशी भात लावताना वाकली, खोकल्याची उबळ आली आणि तोंडातून पाणी आलं. 'समुद्राचं पाणी गिळल्यासारखं खारट' हे तिचेच शब्द. त्यात द्राक्षाच्या सालीसारखे पांढरे तुकडे. अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. जवळच्या दवाखान्यात अॅड्रिनलिन मिळालं म्हणून वाचली. पण नंतर आवरण आत सडलं, दोन महिने ताप, आणि शेवटी फुफ्फुसाचा खालचा अख्खा भाग काढावा लागला. आधीच ऑपरेशन झालं असतं तर बहुधा गाठ तेवढी निघाली असती आणि फुफ्फुस राहिलं असतं.

गोळी न घेताही अशा गाठी फुटतात, हेही खरं. म्हणून 'गोळी नको' याचा अर्थ 'थांबून बघू' असा घेऊ नका. ९ सेंमी असेल तर तारीख लवकरची घ्या. काही सर्जन ऑपरेशनच्या चार दिवस आधी गोळी सुरू करतात, सांडलंच तर संरक्षण म्हणून. त्याला माझा विरोध नाही, माणूस तेव्हा त्यांच्या नजरेखाली असतो. माझं भांडण घरी पाठवून महिनोन्‌महिने दिलेल्या गोळीशी आहे. गाठी ५ सेंमीपेक्षा लहान असतील, दोन्ही फुफ्फुसांत विखुरलेल्या असतील किंवा माणूस भूल सोसण्यासारखा नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे गोळीच हाताशी असते.

आता फिल्म काढून बसा. एक्स-रेमध्ये शाबूत गाठ गोल, कडा रेखीव, आतून एकसारखी पांढरी दिसते. सीटीवर आत पाण्याइतकीच घनता असते आणि रंगाचं इंजेक्शन दिल्यावर आतला भाग उजळत नाही. तुम्ही नीट शोधायची ती गाठीच्या वरच्या कडेला असणारी हवेची बारीक चंद्रकोर. कुंपण आणि आवरण यांच्यामध्ये हवा शिरली की ती दिसते. गाठ अजून फुटलेली नाही, पण सुटायला लागलीय, असा तिचा अर्थ. चंद्रकोर दिसली तर सर्जनला त्याच दिवशी फोन करा. फुटल्यानंतर चित्र पालटतं : खाली पाण्याची सपाट रेघ आणि तिच्यावर चुरगळलेलं आवरण, तळ्यातल्या कमळाच्या पानासारखं. रक्ताची हायडॅटिडची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून गाफील राहू नका. फुफ्फुसातली गाठ शाबूत असताना ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते. आणि 'सुई घालून पाणी काढून तपासू' असं कोणी म्हटलं तर साफ नकार द्या. यकृतातल्या काही गाठींवर औषधासकट सुईचा उपचार करतात, फुफ्फुसात तो कधीच नाही.

यकृतातल्या गाठीत लहान गाठी आहेत म्हणालात, तर सोनोग्राफीच्या वर्गवारीत ती बहुधा 'सीई-२' असेल. आत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसतात. एकाच कप्प्याची, ५ सेंमीच्या आतली गाठ नुसत्या गोळीने बरी होऊ शकते. कप्पे असलेली सहसा दाद देत नाही, किंवा आधी दबते आणि पुन्हा डोकं वर काढते. म्हणजे तीन महिने गोळ्या खाऊनही यकृताचं ऑपरेशन टळण्याची शक्यता कमीच, आणि तोवर फुफ्फुस जोखमीत. माझ्या मते या प्रश्नाचा निकाल इथेच लागतो.

भावाच्या बाबतीत एक सोय आहे. गाठ उजव्या फुफ्फुसात खाली आणि यकृतातली वरच्या भागात. दोघींमध्ये फक्त श्वासपटल. यकृतातली गाठ अगदी घुमटाखाली असेल, तर छाती उजवीकडून उघडून, फुफ्फुसाचं काम झालं की श्वासपटलाला चीर देऊन तिथूनच यकृतातली गाठ काढता येते. एकच भूल, एकच जखम. जागा तशी नसेल किंवा सर्जनला दोन टप्पे बरे वाटत असतील, तर क्रम असा : आधी छाती, ती भरून आली की अल्बेंडाझोल सुरू, आणि साधारण महिनाभराने यकृत. उलटा क्रम टाळतात, कारण यकृताच्या ऑपरेशनच्या भुलीत यंत्राने फुफ्फुसात हवा भरताना वरची गाठ फुटू शकते.

ऑपरेशनमध्ये काय होतं ते भावाला सांगा, भीती कमी होईल. दोन्ही फुफ्फुसं वेगळी ठेवणारी दुहेरी नळी घालतात, म्हणजे काही सांडलं तरी चांगल्या बाजूला जात नाही. गाठीभोवती बीटाडीन किंवा तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले मॉप लावतात. मग कुंपणाला अलगद चीर. खालून जे दिसतं ते शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखं पांढरं, चमकदार असतं. काही सर्जन भूलतज्ज्ञाला हळूहळू हवा भरायला सांगतात आणि गाठ अख्खी बाहेर ढकलली जाते. काही आधी पाणी ओढून घेतात. पोकळीत सलाइन ओततात. जिथे बुडबुडे येतात तिथे श्वासनलिकेचं तोंड उघडं आहे. प्रत्येक तोंड टाक्याने बंद. यात आळस झाला तर नंतर छातीतल्या नळीतून आठवडेच्या आठवडे हवा येत राहते.

यकृतात एक गोष्ट विचारून ठेवा : पित्तनलिकेशी जोड आहे का? कावीळ, थंडी वाजून ताप, किंवा रिपोर्टमध्ये फुगलेली पित्तनलिका असेल तर आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. गाठीतून पिवळं पाणी आलं, तर आत कृमी मारणारं औषध ओतायचं नाही. ते पित्तनलिकांना कायमचं आवळून टाकतं.

गोळीचा हिशोब : किलोमागे दिवसाला १० ते १५ मिग्रॅ, दोन भागांत. ५२ किलोला ५२० ते ७८०, म्हणून व्यवहारात ४०० ची एक सकाळी, एक रात्री. मेडिकलवाला 'जंताची गोळी एकदाच घेतात' म्हणेल. त्याचं ऐकू नका, इथे ती रोज आणि निदान एक ते तीन महिने, सांडलं असेल तर जास्त. ती उपाशीपोटी नीट शोषली जात नाही, स्निग्ध जेवणाबरोबर कितीतरी जास्त रक्तात उतरते. खोबऱ्याचं वाटण घातलेली आमटी आपल्याकडे रोजचीच, तेव्हा जेवणासोबतच द्या. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी आणि पांढऱ्या पेशी. कावीळ, घसा दुखून ताप असं काही दिसलं तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे.

तारखेपर्यंत ओझी उचलणं आणि छातीवर मार बसेल अशी कामं बंद. खारट पाणी खोकल्यातून आलं, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला, तर त्याला उजव्या कुशीवर झोपवा म्हणजे पाणी चांगल्या फुफ्फुसात जाणार नाही. जवळच्या दवाखान्यात जाऊन 'हायडॅटिड फुटली असावी, अॅड्रिनलिन लागेल' हे शब्द सांगा. घाट चढायची घाई त्यानंतर.

घरच्या सगळ्यांची पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या. भावापासून कोणाला लागण होत नाही, पण कुत्रा सगळ्यांचा एकच असेल. त्याला पशुवैद्यांकडून प्राझिक्वांटेल द्या, आणि बकरं कापल्यावर त्याचं काळीज-फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकायची सवय असेल तर ती मोडा. ते पुरा.

सीटीच्या रिपोर्टमध्ये यकृतातल्या गाठीपुढे 'सेगमेंट' म्हणून एक आकडा असेल. ७ किंवा ८ असेल तर एकाच चिरेतून काम होण्याची शक्यता चांगली. तो आकडा आणि चंद्रकोर आहे की नाही, हे इथे लिहा.