दादाच्या नावे हक्कसोडपत्र: पाचशेचा स्टँप, नोटरी आणि आईचा हिस्सा

प्रश्न: वडील गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. सांगलीत महापालिका हद्दीत त्यांनी स्वतः बांधलेलं घर आहे. वारस म्हणजे आई, दादा, मी आणि धाकटी बहीण. मला काही नको, माझा हिस्सा दादाला द्यायचा आहे, पैसे घेणार नाही. ओळखीचे एक जण म्हणाले की पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरी केली की झालं. दादा म्हणतो, थेट वहिनीच्याच नावावर कर. काय करावं? माझं लग्न झालंय, तर नवऱ्याची सही लागेल का?

उत्तर:

नवऱ्याची सही लागत नाही. माहेरच्या घरातला हिस्सा तुमचा स्वतःचा आहे, त्यात सासरच्या कोणाचा हक्क नाही. हवं तर त्यांना साक्षीदार म्हणून सही करू द्या, त्यापेक्षा जास्त काही नाही.

आता पाचशेचं. तुमच्या ओळखीच्यांनी आकडा बरोबर सांगितला, पण त्याच्या जोरावर सल्ला चुकीचा दिला. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ५२ (अ) प्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा भाऊ, बहीण, आई, वडील, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या हक्कात सोडला, तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. पूर्वी ते २०० रुपये होतं, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झालं. पण शुल्क भरलं म्हणजे दस्त पूर्ण झाला असं नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडणारा कागद नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ नुसार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोंदवला नाही तर कलम ४९ आडवं येतं: त्या कागदाने घरावरचा तुमचा हक्क जात नाही आणि दादाला तो मिळत नाही. नोटरी फक्त सही तुमची आहे एवढं सांगतो. असे नोटरीवाले कागद कपाटात वीस-वीस वर्षं पडून राहतात आणि घर विकायची वेळ आली की गिऱ्हाइकाचा वकील किंवा बँक तो बाजूला सारते. तोवर हक्क सोडणारी बहीण वारली असेल तर तिच्या मुलांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

नगर भूमापन कार्यालयात जबाब देऊन वारसनोंदीतून नाव वगळून घेण्याचीही एक पद्धत गावोगाव चालते. त्यानेही हक्क सुटत नाही. मिळकत पत्रिकेवरचं नाव हा मालकीचा पुरावा नाही. नाव नसलं तरी हिस्सा राहतो, आणि उद्या तुम्ही किंवा तुमची मुलं वाटपाचा दावा लावू शकता.

वहिनीच्या नावावर मात्र करू नका. हक्कसोडपत्र हे मुळात सहहिस्सेदाराच्या हक्कातच होतं. ज्याचा मिळकतीत आधीच हिस्सा आहे त्याचा हिस्सा तुम्ही सोडलेल्याने वाढतो, नव्या माणसाला हक्क त्यातून जन्माला येत नाही. वहिनी आज वारस नाहीत, दादा हयात आहे. त्यामुळे त्यांच्या नावाने लिहिलेला कागद, डोक्यावर ‘हक्कसोडपत्र’ लिहिलं तरी, बक्षीसपत्र किंवा खरेदीखतासारखा धरला जाईल आणि शुल्कही तसं लागेल. कागदाचं नाव काय दिलंय यापेक्षा आतल्या मजकुराने काय घडतंय, हे निबंधक पाहतो. दादा हयात नसता तर गोष्ट वेगळी होती. भावाचे कायदेशीर वारस ५२ (अ) मध्ये बसतात, मग वहिनी आणि भाचरंही चालली असती.

फरक किती पडतो ते बघा. समजा शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे घराचं मूल्य ६० लाख निघालं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आई, दादा, तुम्ही आणि बहीण, चौघांचा प्रत्येकी पाव हिस्सा, म्हणजे तुमचा १५ लाखांचा. दादाच्या हक्कात सोडलात तर मुद्रांक ५०० रुपये. तोच हिस्सा दादाला बक्षीसपत्राने दिलात तर भावासाठीचा दर ३ टक्के, म्हणजे ४५,००० रुपये आणि वर स्थानिक अधिभार. वहिनीला दिलात तर खरेदीखताचा दर, महापालिका हद्दीत ५ टक्के, म्हणजे ७५,००० आणि वर अधिभार. दादाला वहिनीचं नाव हवंच असेल तर आधी तुमचा हिस्सा दादाकडे जाऊ द्या. मग नवरा-बायकोत बक्षीसपत्र त्याने करावं, राहत्या घरासाठी तिथे शुल्क नाममात्रच आहे.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ५२ (अ) मध्ये शब्द ‘वडिलोपार्जित’ असा आहे, आणि तुमचं घर वडिलांनी स्वतः बांधलेलं. त्यांच्या मृत्यूनंतर ते तुम्हाला वारसाहक्काने मिळालं आहे, आणि असे दस्त नाममात्र शुल्कावर नोंदले जातात. तरी एखादा दुय्यम निबंधक शब्दावर अडून बसतो. म्हणून दस्तात मिळकत वडिलांची होती, ते कोणत्या तारखेला मृत्युपत्राशिवाय वारले, आणि ती वारसाहक्काने चौघांकडे आली, हा क्रम स्वच्छ लिहून घ्या. तरीही हरकत आली तर काउंटरवर वाद घालू नका. दस्तावर सही करण्याआधी मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्या. कलम ३१ खाली ते शुल्क किती हे लेखी ठरवून देतात, आणि मग पुढे कमी मुद्रांकाची वसुली आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड, ही भानगड राहत नाही. तुम्ही आणि दादाने मिळून विकत घेतलेला फ्लॅट असता तर मात्र ही सवलत मिळालीच नसती.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते, आणि माझ्या मते तुमच्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे: आईचा पाव हिस्सा.

आज तुम्ही सही केलीत की घरात दादाचा अर्धा, आईचा पाव आणि बहिणीचा पाव असं होईल. उद्या आई मृत्युपत्र न करता गेल्या, तर त्यांचा पाव हिस्सा तिघा मुलांत सारखा वाटला जाईल. त्या तिघांत तुम्ही आहातच! म्हणजे हक्कसोड करूनही तुम्ही पुन्हा त्या घरात बाराव्या हिश्श्याच्या मालक होता. दादाने तेव्हा घर विकायला काढलं की गिऱ्हाईक तुमची सही मागणार, आणि दादा म्हणणार, ताईने तर केव्हाच सोडलंय. बऱ्याच घरांतली भांडणं इथूनच सुरू होतात, कोणाच्याही मनात खोट नसताना.

यावर दस्तलेखक एक ठरावीक वाक्य घालतात: ‘यापुढे आईच्या हिश्श्यातूनही मला काही मिळाल्यास तोही हक्क मी सोडत आहे.’ या वाक्यावर विसंबू नका. आई हयात असताना तुमच्याकडे त्यांच्या हिश्श्यात हक्क नसतो, फक्त तो मिळण्याची आशा असते, आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६ (अ) प्रमाणे नुसती आशा हस्तांतरित होत नाही. वडील हयात असताना मुलींकडून त्यांच्या स्वकष्टाच्या घराबद्दल लिहून घेतलेली हक्कसोडपत्रंही याच कारणाने पोकळ ठरतात. तुमचे वडील गेल्यानंतर तुम्ही हे करताय, म्हणून तुमच्या स्वतःच्या पाव हिश्श्यापुरतं ते पक्कं आहे.

मग उपाय काय? आईनेही त्याच दस्तात आपला हिस्सा दादाच्या हक्कात सोडला तर शुल्काचा प्रश्न येत नाही, तेही ५२ (अ) मध्येच बसतं. पण मी हा सल्ला कोणाला देत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या नावावर राहत्या घराचा पाव हिस्सा असणं आणि नसणं यात फार अंतर आहे, मुलगा कितीही चांगला असला तरी. त्यापेक्षा आईने मृत्युपत्र करावं आणि आपला हिस्सा कोणाला जावा ते लिहावं. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक आहे (करून ठेवलेली बरी), आणि मन बदललं तर त्यांना ते बदलताही येतं. तरीही आई सोडायलाच निघाल्या, तर सांभाळ आणि त्याच घरात हयातभर राहण्याची अट दस्तातच घाला. सांभाळाची अट मोडली तर दस्त रद्द करून घेता येतो, असं सांगणाऱ्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार घ्यायची वेळ आली, तर तोंडी आश्वासन सिद्ध करत बसावं लागत नाही.

मसुद्यात हक्क कोणाच्या बाजूने सोडताय ते नावानिशी लिहा. ‘मी माझा हक्क कायमचा सोडत आहे’ एवढंच लिहिलं तर तो उरलेल्या सगळ्या सहहिस्सेदारांच्या बाजूने सुटला असा अर्थ लागू शकतो. मग चौघांऐवजी तिघांचा सारखा तिसरा हिस्सा होईल आणि तुमच्या मनातला अर्धा दादाला मिळणार नाही. हिस्सा पाव आहे हे अंकात आणि अक्षरात येऊ द्या. सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि चतु:सीमा मिळकत पत्रिकेवरून उतरवा, घरपट्टीच्या पावतीवरून नको. आणि मोबदला खरंच नसेल तरच ‘विनामोबदला’ लिहा. पैसे घेऊन तसं लिहिलं की पुढे दोघांनाही जड जातं. मोबदला घेतलात तर तो प्राप्तिकराच्या दृष्टीने हस्तांतरणाचा मोबदला धरला जातो, म्हणून आधी सीएला विचारा.

नोंदणीला तुम्ही, दादा आणि दोन साक्षीदार असे जा. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त निबंधकासमोर यायला हवा. नोंदणी झाल्यावर सूची २ ची प्रत घ्या आणि नगर भूमापन कार्यालयात आधी चौघांची वारसनोंद, मग हक्कसोडीचा फेरफार, या क्रमाने अर्ज द्या. वारसनोंद न करताच हक्कसोड घेऊन गेलात की अर्ज परत येतो, कारण पत्रिकेवर अजून वडिलांचंच नाव असतं. महापालिकेच्या घरपट्टी विभागात वेगळा अर्ज लागतो, तिकडे आपोआप काही बदलत नाही.

सही करण्याआधी एक रात्र मसुदा घरी ठेवून वाचा. नोंदलेलं हक्कसोडपत्र तुम्ही एकटीने मागे घेऊ शकत नाही. दादाच्या संमतीने नवा दस्त करावा लागतो, नाहीतर फसवणूक किंवा दबाव झाला हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, तेही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावून. धाकट्या बहिणीलाही सोडायचं असेल तर तिचं तुमच्याच दस्तात घ्या. नसेल तर तिच्या पाव हिश्श्याला धक्का लागत नाही, आणि तुमच्या दस्ताला तिची सहीही लागत नाही.