'डॉक्टरांनी हात वर केले का?' : एका नर्सचं उत्तर

"सिस्टर, आबांच्या डिस्चार्ज कार्डावर 'पॅलिएटिव्ह केअर' असं लिहिलंय. भाऊ म्हणतो, म्हणजे आता उपचार संपले. मॉर्फिनच्या गोळ्याही दिल्यात. शेजारचे म्हणतात, त्या एकदा सुरू झाल्या की माणूस उठत नाही. देऊ का नको?"

ताई,

आधी खरं ते सांगते. आबांच्या जबड्याचा आजार मानेपर्यंत गेलाय, तो मुळापासून काढता येणार नाही. हे डॉक्टरांनी तुमच्या भावाला सांगितलंय, आणि मी त्याला दुसरा रंग देणार नाही. पण त्या दोन शब्दांचा अर्थ 'घरी न्या' असा नाही. आजार बरा होवो न होवो, त्यामुळे होणारा त्रास कमी करायचा, हे त्याचं काम. जखमेला वास येतो म्हणून मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड ड्रेसिंगमध्ये टाकायला शिकवली ना, ती पॅलिएटिव्ह केअरच. दुखणं कमी व्हावं म्हणून लाइट, म्हणजे रेडिएशन, देतात तेही त्यातच येतं. ही काळजी निदान झालं त्या दिवसापासून बाकीच्या उपचारांबरोबर चालू शकते. आपल्याकडे तिचं नाव उशिरा निघतं, म्हणून ते ऐकलं की लोकांना शेवटच आठवतो.

आता गोळ्यांचं. निपाणीकडचे एक मामा आमच्याकडे होते, तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेलं. आजार आबांसारखाच. त्यांनाही दर चार तासांनी मॉर्फिन लिहून दिलं होतं. वयामुळे सुरुवात पाच मिलिग्रॅमने, म्हणजे दहाची अर्धी गोळी. घरच्यांनी भीतीपोटी ठरवलं, अगदीच कळवळले तरच द्यायची. मग दिवसाला एखादी गोळी जायची, तीही रात्री दोन वाजता, दुखणं डोक्यावर चढल्यावर. तेवढ्याने काय होणार? उलट घरात बोलू लागले, 'बघा, हे औषधही लागू पडत नाही.'

मी मुलाला वहीत वेळा लिहून दिल्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दुखो न दुखो, घड्याळ बघून द्यायची. मॉर्फिनचा अंमल चार तासच टिकतो, तो उतरायच्या आत पुढची गोळी पोटात हवी. मधेच कळ आली तर जादा गोळी किती द्यायची तेही डॉक्टरांनी लिहिलं होतं. पहिले दोन-तीन दिवस मामा पेंगत होते आणि थोडी मळमळ होती. कितीतरी रात्रींची झोप राहिलेली, ती निघते हो! नंतर ते उठून बसायला लागले आणि पातळ आंबील मागून घेतली.

व्यसनाची भीती असेल तर पुढचं ऐका. त्यांना रेडिएशन मिळालं, दुखणं ओसरलं, आणि डॉक्टरांनी गोळी टप्प्याटप्प्याने कमी केली. मामांनी एकदाही जास्त मागितली नाही. मात्र आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, शरीराला सवय झालेली असते आणि हातपाय गळतात, घाम सुटतो.

एक त्रास मात्र जात नाही, तो म्हणजे बद्धकोष्ठ. त्यासाठीची रात्रीची गोळी मॉर्फिनइतकीच नेमाने द्या. पोट तीन दिवस झालं नाही तर फोन करा. कित्येक घरांत मॉर्फिन बंद पडतं ते या पोटामुळेच.

झोप आणि धोका यातला फरक ओळखायला शिका. हाक मारल्यावर डोळे उघडून बोलले, तर ती झोप. हलवूनही नीट जागे होत नाहीत, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेलाय, किंवा अंगाला झटके येतायत, तर पुढची गोळी थांबवा आणि लगेच फोन करा. लघवी कमी झाली तरीही कळवा, कारण मूत्रपिंड नीट चालत नसेल तर औषध अंगात साठत जातं.

आणि हो, जत्रेला गडहिंग्लजला जायचं म्हणालात. हे औषध साध्या मेडिकलमध्ये बहुधा मिळत नाही, परवानगी असलेल्या संस्थेतूनच मिळतं. तेव्हा पुरतील तेवढ्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. पोरांच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात ठेवा. उरलेल्या कुणाला देऊ नका, आमच्याकडे परत आणा.

आबांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. त्यांनाच विचारा, 'तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?' काहींना सगळं हवं असतं, काही म्हणतात 'ते पोरांना सांगा.' दोन्ही चालतं.

पुढच्या वेळी वही घेऊन या, आणि भावालाही आणा. त्यांच्या शंका त्यांनी मलाच विचाराव्यात, सगळा भार तुम्ही एकट्यानं का उचलायचा?

तुमची,
सिस्टर