मुदत 45 दिवसांची, पैसे 71 व्या दिवशी

प्रश्न: माझं छोटं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाइकं पैसे फार उशिरा देतात. सीए म्हणतात, सरासरी 60 दिवस धरून 13 आठवड्यांचा कॅश फ्लो काढा. तो कसा काढायचा आणि दर आठवड्याला पुढे कसा सरकवायचा?

सरासरी धरायचीच नाही. हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. एक गिऱ्हाईक 30 दिवसांत देतं आणि दुसरं 90 दिवसांत, तर 60 व्या दिवशी दोघांपैकी कुणाचेच पैसे येत नाहीत.

बँकेचं स्टेटमेंट आणि बिलांचं रजिस्टर शेजारी ठेवा. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाची मागची 12 बिलं घेऊन बिलाच्या तारखेपासून पैसे खात्यात पडेपर्यंतचे दिवस मोजा आणि त्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. सरासरी एका भांडणाच्या बिलाने बिघडते, मध्यक सहसा बिघडत नाही. मग त्यांच्या अकाउंट्सला विचारा की पेमेंट कोणत्या तारखांना निघतं. मोठ्या कंपन्यांत बहुधा महिन्यातून दोनच दिवस ठरलेले असतात. शिवाय त्यांची मुदत बिलापासून नाही, माल तपासून त्यांनी तो मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, केल्यापासून सुरू होते. बिलावर लिहिलेले तुमचे 45 दिवस तिथेच वाढतात.

समजा 6 लाखांचा माल, 18 टक्के जीएसटी धरून 7.08 लाखांचं बिल, तारीख 12 ऑगस्ट. कागदावर पैसे 26 सप्टेंबरला यायला हवेत. मध्यक 71 दिवस निघाला, म्हणजे 22 ऑक्टोबर. गिऱ्हाईक 10 आणि 24 तारखेलाच देतं, म्हणून शीटमध्ये 24 ऑक्टोबर लिहायचं. याच बिलावरचा 1.08 लाखांचा जीएसटी मात्र 20 सप्टेंबरच्या 3बी या जीएसटी रिटर्नमध्येच दाखवावा लागतो. इनपुट क्रेडिट वजा जाऊन जे उरेल ते पैसे यायच्या 34 दिवस आधी खिशातून जातं.

आता ऑक्टोबर मांडू. 6 ते 12 च्या आठवड्यात सुरुवातीला 4.1 लाख, किरकोळ वसुली 1.2, पगार 3.6, उरले 1.7. पुढच्या आठवड्यात वसुली 0.8, स्टीलवाल्याचे 2.2, पीएफ-ईएसआय 0.5, शिल्लक उणे 0.2. 20 ते 26 च्या आठवड्यात जीएसटी 0.9, वीज 0.4 आणि 24 ला ते 7.08 लाख. आठवड्याची अखेर 5.58 लाख, शीट खूश. पण वीजबिल आधी भरलं तर 24 पर्यंत खातं उणे 1.5 लाखांवर उभं असतं. म्हणून शिल्लक पातळ दिसेल तो आठवडा दिवसवार फोडा.

बिलांची Bills नावाची एक शीट ठेवा: D मध्ये अपेक्षित तारीख, E मध्ये जीएसटीसकट रक्कम, टीडीएस कापला जात असेल तर तो वजा करून. कॅश फ्लोच्या वेगळ्या शीटमध्ये तेरा आठवड्यांच्या रकान्यांच्या वर, दुसऱ्या ओळीत, त्या त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख. पहिला आठवडा F मध्ये असेल तर जमेचा आकडा असा:

```
=SUMIFS(Bills!E:E,Bills!D:D,">="&F$2,Bills!D:D,"<"&F$2+7)
```

तारीख उलटूनही न आलेलं बिल मागच्या आठवड्यात पडतं आणि बेरजेतून गुपचूप गळतं. दर सोमवारी अशी बिलं गाळून काढा, फोन करा आणि नवी तारीख घाला. तारीख मिळाली नाही तर शून्य धरा. जुना आठवडा काढून शेवटी नवा जोडा, पण मागच्या सोमवारची फाईल पुसू नका. फरक उशिरामुळे पडला की रकमेत कपात झाली म्हणून, हे तिच्यावरूनच कळतं. तेच गिऱ्हाईक लागोपाठ तीनदा चुकलं तर त्याचे दिवस वाढवा.

बँकेचं सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खातं असेल तर शिल्लकेखाली ड्रॉइंग पॉवरची, म्हणजे माल आणि येणी बघून बँक जेवढं उचलू देते त्या मर्यादेची, ओळ हवीच. बँका सहसा 90 दिवसांवरची येणी त्यात धरत नाहीत. 25 टक्के मार्जिन असेल आणि 4 लाखांचं बिल 91 व्या दिवशी गेलं, तर पुढच्या स्टॉक स्टेटमेंटला 3 लाखांची मर्यादा कमी होते. वसुली अडकली असते नेमकी तेव्हाच.

राहिला तो नेहमीचा वाद: कायद्याने छोट्या उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेच लागतात, मग 45 का धरायचे नाहीत? कारण तो नियम मोडला तर गिऱ्हाइकाची आयकरातली वजावट लांबते, तुमच्या खात्यात त्या दिवशी काही पडत नाही. मार्चअखेर काही कंपन्या यापायी घाईने देतात, तेवढ्यापुरतं मार्चचं वेगळं बघा. आणि हो, 45 दिवसांच्या नियमाचा हा लाभ उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या व्यापाऱ्यांना नाही. गिऱ्हाइकांची संख्या पाच-सहाच असेल तर मध्यकाबरोबर सर्वांत वाईट दिवसांची दुसरी ओळही चालवा. स्टीलवाल्याला तारीख द्यायची ती त्या ओळीवरून.