परिपाठात विज्ञान प्रकल्पांबद्दल बोलणार असाल तर

पाच मिनिटांच्या वर जाऊ नका. उन्हात उभी मुलं त्यापुढे ऐकत नाहीत. ‘वेगळा विचार करा’ एवढंच सांगितलंत, तर ज्वालामुखी आणि सौरमालाच येतील. मी पहिल्या वर्षी तेच केलं. सात ज्वालामुखी आले!

त्यापेक्षा एक तक्रार घ्या आणि मुलांसमोरच तिचा प्रश्न करा. उदाहरणार्थ, ‘खिडकीकडच्या बाकावरून फळा चमकतो.’ मग विचारा, कोणत्या बाकावरून आणि किती वाजता? फळ्यावर सुटी दहा अक्षरं लिहायची, प्रत्येक बाकावरून किती वाचता येतात ते दर तासाला नोंदवायचं. अक्षरं मात्र दर वेळी बदलायची, नाहीतर मुलं पाठ म्हणतात. आठवड्यात वर्गाचा नकाशा तयार होतो. खर्च शून्य.

शेवटी मुलांना आपल्या प्रकल्पाची चिठ्ठी पेटीत टाकायला सांगा, तीही एकाच वाक्याची आणि प्रश्नचिन्हाने संपणारी. ‘प्रदूषण’ असं नुसतं नाव आलं, तर ‘यात मोजणार काय?’ एवढंच लिहून परत द्या. आणि माइकवर कुणाची चिठ्ठी वाचून हसू नका. दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी राहते.