दोन म्हशींचं कर्ज, भाकड महिने आणि कानातला बिल्ला

प्रश्न : आम्ही सांगोला तालुक्यातले. दोन मुऱ्हा म्हशींसाठी बँक १ लाख ८० हजार द्यायला तयार आहे, पाच वर्षांत दरमहा सारखा हप्ता. वैरण घरची आहे. पण म्हशी आटल्यावर हप्ता कुठून भरायचा? आणि विमा काढायचा का? शेजारच्यांची म्हैस मेली तेव्हा विमा असूनही पैसे मिळाले नाहीत.

उत्तर : ताई, आधी तुमच्याच आकड्यांवर हिशोब मांडू. म्हैस लाखाला एक धरते, म्हणजे २० हजार तुमचे आणि १ लाख ८० हजार बँकेचे. व्याज १० टक्के धरलं तर साठ महिन्यांचा हप्ता साधारण ३,८२४ रुपये येतो. तुमच्या बँकेचा दर वेगळा असेल तर एवढाच आकडा बदला, बाकीची मांडणी तशीच राहील.

घरचं दूध आणि रेडकाचा वाटा वगळून एक म्हैस वेतभर सरासरी सहा लिटर डेअरीला घालते आणि फॅटनुसार लिटरला ५० रुपये मिळतात असं धरू. रोजचे ३०० रुपये झाले. कडबा, मका, घास घरचा असला तरी पेंड, भरडा किंवा कांडी विकत घ्यावीच लागते. अंगासाठी दीड किलो आणि दोन लिटर दुधामागे एक किलो या हिशोबाने साडेचार किलो खुराक, वर खनिज मिश्रण आणि औषधपाणी मिळून रोख १५५ रुपये जातात. हातात रोज १४५, महिन्याला ४,३५० उरतात. हीच म्हैस भाकड असते तेव्हा दूध शून्य आणि खर्च दिवसाला साठेक, म्हणजे महिन्याला १,८०० रुपये. तुमचे कष्ट आणि वैरण यात फुकट धरली आहे. वैरण विकत घ्यावी लागणार असेल तर या कर्जाला हात लावू नका, कारण मग हप्त्यापुरतंही उरत नाही.

म्हैस दहा महिने दूध देऊन पाच महिने भाकड राहिली, म्हणजे पंधरा महिन्यांनी पुन्हा व्यायली, तर एका म्हशीमागे ३४,५०० रुपये सुटतात. दोन म्हशींचे महिन्याला सरासरी ४,६०० पडतात. हप्ता जाऊन ७७६ उरतात. कर्ज फिटतं, पण काठावर. दोन वेतांमधलं अंतर पंधराऐवजी अठरा महिने झालं तर तीच सरासरी ३,२३३ वर येते आणि हप्ता सुटत नाही. तीन भाकड महिने वाढले की एवढा फरक पडतो. म्हणून हप्त्याची खरी काळजी म्हैस व्याल्यापासूनच सुरू करायची.

म्हशीचा गाभणकाळ ३१० दिवसांच्या आसपास असतो. पंधरा महिन्यांत पुन्हा वेत हवं असेल तर व्याल्यापासून पाच महिन्यांच्या आत ती गाभण राहायलाच हवी. म्हशीचा माज मुका असतो. ती गाईसारखी हंबरत, उड्या मारत नाही, आणि उन्हाळ्यात तर माज रात्रीच येऊन जातो. पहाटे आणि रात्री झोपण्याआधी गोठ्यात जाऊन सोट लोंबतोय का, थोडं थोडं लघवी करते का, दूध अचानक कमी झालं का ते पाहा. दिसलं की साधारण बारा तासांनी भरवा. व्याल्यावर तिसरा महिना संपला तरी माज दिसला नाही तर डॉक्टरांना बोलवा, वाट पाहत बसू नका. भरवल्यावर दोन ते तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या. पुष्कळ घरांत म्हैस गाभण आहे या समजुतीत चार महिने जातात आणि ती रिकामी निघते. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि उन्हाळ्यात दुपारी अंगावर पाणी, या दोन गोष्टींचा पैसा वाचवू नका.

आता हप्त्याच्या वेळापत्रकाकडे येऊ. दोन्ही म्हशी एकाच महिन्यात घेतल्या तर दोन्ही एकाच वेळी आटतील. त्या पाच महिन्यांत खुराकाचे ३,६०० आणि हप्त्याचे ३,८२४ मिळून दरमहा ७,४२४ रुपये घरातून घालावे लागतील. दुधाच्या दहा महिन्यांत उरलेले पैसे बाजूला ठेवले तर ते पुरतात, पण लग्नकार्य, शाळेची फी, बोअरची मोटर यांत ते खर्च होतात, हे मी फार घरांत पाहिलं आहे. दुसरी म्हैस सहा-सात महिन्यांनी घेतली तर एक आटते तेव्हा दुसरी दुधात असते. मग तंगीच्या महिन्यात कमी पडणारी रक्कम फक्त १,२७४ रुपये राहते. यासाठी बँकेला लेखी सांगा की कर्ज दोन टप्प्यांत द्या. म्हशींच्या कर्जाला बँका अशी पद्धत मानतात. त्यात दुसऱ्या टप्प्याचं व्याजही उशिरा सुरू होतं.

सारखाच हप्ता हवा असा नियम नाही. अर्ज करतानाच दुधाच्या महिन्यांत मोठा आणि भाकड महिन्यांत लहान असं वेळापत्रक मागा. सह्या झाल्यावर ते बदलून घेणं कठीण जातं. डेअरीचं बिल दहा दिवसांनी होत असेल तर कपात बिलातूनच लावून घ्या. बिलामागे १,२७५ पुरतात, पण दोन्ही म्हशी दुधात असताना १,६०० कापायला सांगा आणि जास्तीची रक्कम कर्जखात्यात आगाऊ जमा होते का, हे पासबुकावर तपासा. कपात डेअरीने केली पण बँकेत उशिरा भरली, असंही घडतं. थकबाकी मात्र तुमच्या नावावर चढते. ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं अनुत्पादक ठरतं आणि पुढचं पीककर्जही अडतं. म्हणून दर महिन्याला दोन्ही पावत्या जुळवा.

तारणाचा प्रश्न कुणी काढला तर एवढं लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून शेती आणि शेतीपूरक कामासाठी दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. तुमची रक्कम त्यात बसते. पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड वेगळं असतं. ते खुराक, औषध अशा चालू खर्चासाठी आहे, म्हैस विकत घेण्यासाठी नाही.

विमा काढायचाच. वर पाहिलंत की महिन्याला ७७६ रुपयेच उरतात, त्यामुळे एक म्हैस गेली तर हा हिशोब उभाच राहत नाही. विम्याच्या हप्त्याचा दर वर्षाला चार टक्के धरला तर दोन म्हशींचे आठ हजार, म्हणजे महिन्याला ६६७ होतात आणि उरलेलं जवळजवळ सगळं त्यातच जातं. म्हणून आधी राष्ट्रीय पशुधन अभियानातून विमा होतो का ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. २०२४ मध्ये केंद्राने शेतकऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला, बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलतात. त्या हिशोबाने आठ हजारांतले तुमचे १,२०० राहतात. बँकेने परस्पर कापलेला विमा बहुधा पूर्ण दराचा असतो, त्यामुळे पैसे कापण्याआधीच चौकशी करा.

शेजाऱ्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण नाकारलेले दावे बहुतेक ठरावीक कारणांनी अडतात. पहिलं कारण कानातला बारा आकडी बिल्ला. पॉलिसीवरचा आकडा आणि कानातला आकडा जुळला नाही, किंवा बिल्लाच नसला, तर मेलेली म्हैस विमा उतरवलेलीच आहे हे सिद्ध होत नाही. बिल्ला झुडपात अडकून पडला तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, डॉक्टरांकडून नवीन मारून घ्या आणि नवा आकडा पॉलिसीवर चढल्याचा कागद मागा. तो कागद हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. दुसरं कारण मुदत. कर्ज पाच वर्षांचं आणि विमा एकाच वर्षाचा, असं सर्रास असतं. पहिल्या वर्षी बँकेने कापलं म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि चौदाव्या महिन्यात म्हैस दगावते. शक्य असेल तर तीन वर्षांचा विमा घ्या, आणि संपण्याची तारीख गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. सुरुवातीचे काही दिवस आजाराने झालेल्या मृत्यूला संरक्षण नसतं, ते किती दिवस हे पॉलिसीवर वाचून घ्या. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकुताच्या लसीची नोंदही जपा. लस दिलेली नसताना त्याच रोगाने जनावर गेलं तर दावा अडतो.

विम्याची रक्कम किती लिहिली आहे तेही पाहा. समजा चौदा हप्ते भरल्यावर एक म्हैस मेली. त्या म्हशीवरच्या ९० हजारांपैकी सुमारे ७२,८०० रुपये अजून बाकी असतात. विमा लाखाचा असेल तर बँक तेवढे घेऊन २७,२०० तुम्हाला देते. विम्याचा हप्ता कमी बसावा म्हणून तो ६० हजारांचाच उतरवला असेल तर म्हैसही गेलेली आणि वर १२,८०० देणं शिल्लक. म्हणून खरेदीची पावती आणि डॉक्टरांचं मूल्यांकन एकाच रकमेचं करून घ्या.

म्हैस गेली तर त्याच दिवशी कंपनीला आणि बँकेला कळवा, फोन केल्यावर संदेशही पाठवा म्हणजे पुरावा राहतो. बिल्ला दिसेल असे फोटो काढा. तपासणी आणि शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका आणि बिल्ला कानातून काढू नका. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्यात कंपनीला दिलेली सूचना, पॉलिसी, दावा अर्ज आणि शवविच्छेदनाचा दाखला, एवढे चारच कागद लागतात. ते पोचल्यावर पंधरा दिवसांत निकाल लागायला हवा. कागद दिल्याची पोच तारखेसह घ्या. त्याच वेळी बँकेला अर्ज द्या की आलेली रक्कम कर्जात वळती न करता दुसरी म्हैस घ्यायला वापरू द्यावी आणि हप्ते पूर्वीसारखे चालू ठेवावेत. बँकेला हे मान्य करण्याची सक्ती नाही, पण ज्यांचे हप्ते नियमित आहेत त्यांचं ऐकलं जातं, आणि पैसे वळते झाल्यानंतर केलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही.